एकशे त्रेचाळीस

माझ्या भाच्याने मला प्रोफाइल करून दिली. एक पानाची, देखणी. वर माझा फोटो, खाली 'कोथरूडमधील अग्रगण्य मालमत्ता सल्लागार', मग '५००+ समाधानी कुटुंबे', 'निवासी, व्यावसायिक, जमीन आणि पुनर्विकास', 'शंभर टक्के क्लिअर टायटल'. त्याने मनापासून मेहनत घेतली होती. "मावशी, सगळे असंच लिहितात," असं म्हणाला, आणि ते खरंच आहे. त्या रात्री मी पान पुन्हा वाचलं. मला एकेका ओळीपुढे थांबावं लागत होतं, कारण उद्या समोर बसलेल्या माणसाने 'हे दाखवा' म्हटलं तर काय दाखवायचं ते सुचत नव्हतं.

म्हणून मी कपाटातल्या फायली काढल्या. २०१४ पासून मी हे काम करते. प्रत्येक व्यवहाराच्या इंडेक्स टूची एक प्रत ठेवायची सवय मला पहिल्या वर्षापासून आहे. इंडेक्स टू म्हणजे दस्त नोंदवल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणारा तो एक पानाचा उतारा. कोणी कोणाला दिलं, क्षेत्रफळ किती, मोबदला किती, मुद्रांक शुल्क किती, तारीख कुठली, सगळं त्यावर असतं. दोन रविवार घालवून मी ती पानं मोजली. एकशे त्रेचाळीस. त्यांतली शहाण्णव फेरविक्रीच्या फ्लॅटची, एकतीस नव्या प्रकल्पांतल्या बुकिंगची आणि सोळा दुकानं-ऑफिसांची. भाड्याचे करार वेगळे. ते मी मोजले नाहीत, कारण भाड्याचं घर मिळवून देणं आणि कोणाच्या आयुष्यभराच्या पुंजीचा व्यवहार करणं या दोन गोष्टी एका बेरजेत मिळवणं मला पटत नाही.

पाचशेचा आकडा गेला, एकशे त्रेचाळीस आला. भाचा म्हणाला, लहान दिसतो. दिसू दे. या आकड्यामागे एकशे त्रेचाळीस कागद आहेत.

मग मी 'जमीन' हा शब्द खोडला. मुळशीकडे, पिरंगुटच्या पुढे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणाऱ्यांचे फोन मला आठवड्याला येतात. त्यांत मोबदलाही चांगला असतो. पण सातबाऱ्यावर सामाईक नावं, तुकडेबंदीचा कायदा, बिनशेती परवानगी झाली की नाही, रस्ता नकाशावर आहे की फक्त जागेवर आहे, हे वाचायला जी नजर लागते ती माझ्याकडे नाही. ती नजर असलेली माणसं आहेत, विचारलं तर त्यांच्याकडे पाठवते. 'जमिनीचे व्यवहार करत नाही' हे वाक्य मी प्रोफाइलमध्ये तसंच लिहिलं.

'पुनर्विकास'ही खोडला. कोथरूडमध्ये आज प्रत्येक गल्लीत एक इमारत तरी पाडलेली किंवा पाडायच्या वाटेवर असते. १९८०-९० मधल्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती, वर राहणारी सत्तरीची माणसं. त्यांचं पुनर्विकासाचं काम सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालतं. त्यात सोसायटी स्वतःचा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमते, वास्तुविशारद किंवा अभियंता. तो मी नव्हे. दोन सोसायट्यांतल्या सभासदांना बांधकाम होईपर्यंत राहायला भाड्याची घरं मी शोधून दिली, जिने न चढावे लागतील अशी, देवळाच्या आणि डॉक्टरच्या जवळची. तेच लिहिलं.

'शंभर टक्के क्लिअर टायटल' या ओळीपाशी मात्र मी सर्वांत जास्त वेळ थांबले, कारण त्या ओळीने मला २०२२ सालात नेलं.

डहाणूकर कॉलनीच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. विकणारे काका साठीच्या पुढचे. फ्लॅट त्यांच्या वडिलांनी घेतलेला. आई आधी गेली, वडील २०१९ मध्ये. वडिलांनी सोसायटीत नामनिर्देशन केलेलं होतं, त्यात काकांचं एकट्याचं नाव. त्यानुसार सोसायटीने भाग दाखल्याच्या, म्हणजे शेअर सर्टिफिकेटच्या, मागच्या बाजूला काकांचं नाव चढवलं होतं, सचिवाची सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी. मी दाखला उजेडात धरून पाहिला, मूळ करारनामा पाहिला, नोंदणीची पावती पाहिली, सोसायटीची थकबाकी नाही हे पाहिलं. मला वाटलं, कागद पूर्ण आहेत. काकांना म्हणाले, पंचेचाळीस दिवसांत होऊन जाईल.

९ जूनला पहिल्या खरेदीदाराने एक लाखाचं टोकन दिलं. तरुण जोडपं होतं, वारज्यात भाड्याने राहणारं. त्यांनी घरमालकाला नोटीस देऊन टाकली. बँकेकडे कर्जाचा अर्ज गेला आणि तिसऱ्या आठवड्यात बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा प्रश्न आला. मूळ खरेदीदार मयत, मृत्युपत्र नाही, मग इतर वारस कोण आणि त्यांची संमती कुठे आहे?

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "दाखल्यावर माझं एकट्याचं नाव आहे, आता आणखी काय हवं?" त्यांचा समज खोटेपणाचा नव्हता. आपल्याकडे निम्म्या सोसायट्यांत हाच समज आहे. बाबांनी माझं नाव लावलं म्हणजे घर मला दिलं. पण नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढंच त्यातून ठरतं. नाव लागलेला माणूस ते घर सर्व वारसांच्या वतीने सांभाळतो. घराची मालकी वारसा कायद्याने ठरते, आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा.

मी विचारलं, "काका, तुम्हाला बहीण आहे?"

आहे. नागपूरला. शाळेतून निवृत्त झालेल्या.

हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. त्यासाठी वकील असावं लागत नाही. भिंतीवर त्या कुटुंबाचा फोटो होता, आईवडील मधे बसलेले, मागे दोन मुलं उभी. मी त्या फोटोखालच्या खुर्चीत बसून चहा प्यायले होते आणि फक्त कागद वाचत होते.

वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. एक, बहिणीने नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यायचं. दोन, बहिणीने विक्रेती म्हणून करारनाम्यात उभं राहायचं आणि आपला वाटा घ्यायचा. दोन्ही वाटांना वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस लागणार होती, हरकत घ्यायला चौदा दिवसांची मुदत देऊन. काकांनी पहिली वाट गृहीत धरली. "ती सही करेल, तिला काही नको आहे," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

मी ताईंना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला नको असं मी कधी म्हटलंच नाही. मला कोणी विचारलंच नाही."

त्या वाक्यापुढे मी गप्प झाले. मला मोबदला काका देणार होते, मी त्यांच्याकडून काम करत होते. ताईंना गोड बोलून सहीला आणणं हे माझं काम आहे, असं काकांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात ते केलं जातं. 'ताई, फक्त एक सही, औपचारिकता आहे.' मी ते केलं नाही. त्यांना सांगितलं, की हक्कसोड म्हणजे वाटा कायमचा सोडणं, ते फुकटही होऊ शकतं आणि मोबदला घेऊनही, आणि सही करण्याआधी तुमचा स्वतःचा वकील बघा, आमचा नको. काका माझ्यावर पंधरा दिवस रागावून होते.

तेवढ्यात पहिलं जोडपं थांबू शकलं नाही. त्यांना भाड्याचं घर सोडायची तारीख जवळ आली होती. त्यांनी टोकन परत मागितलं आणि काका म्हणाले, सौदा त्यांनी मोडला, पैसे का द्यायचे? इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. टोकनची पावती मी लिहिली होती. त्यात रक्कम होती, फ्लॅटचा नंबर होता, ठरलेली किंमत होती, पण कागदपत्रांत दोष निघाला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. दोन आठवडे वाद चालला. शेवटी पैसे मिळाले, पण ते काकांच्या चांगुलपणाने मिळाले, माझ्या पावतीमुळे नाही. आता माझ्या पावतीत ती ओळ असते: मालकीहक्कात किंवा कागदपत्रांत दोष आढळल्यास टोकनची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत. टोकन नेहमी धनादेशाने किंवा ऑनलाइन, थेट विक्रेत्याच्या नावावर. माझ्या खात्यात एक रुपयाही थांबत नाही.

गौरीगणपतीला ताई पुण्याला आल्या. भाऊ-बहीण काय बोलले ते मला माहीत नाही, त्या खोलीत मी नव्हते. विसर्जनानंतर काकांचा फोन आला, "दोघांची नावं टाका." मग पितृपक्ष लागला, त्या पंधरा दिवसांत घर बघायला कोणी येत नाही. त्या काळात आम्ही जाहीर नोटीस देऊन घेतली. हरकत आली नाही. दसऱ्याला दुसऱ्या खरेदीदाराने टोकन दिलं. १४ नोव्हेंबरला दुय्यम निबंधक कार्यालयात भाऊ आणि बहीण शेजारी बसून अंगठे देत होते, आणि दोघांच्या नावांनी दोन वेगळे धनादेश निघाले.

हा व्यवहार एकशे त्रेचाळिसांतला एक आहे. इंडेक्स टूवर तो बाकीच्यांसारखाच दिसतो. पण 'शंभर टक्के क्लिअर टायटल' असं छापून मी तो फ्लॅट बाजारात आणला असता तर ते वाक्य ९ जूनलाही छापलेलं असतं, आणि त्या दिवशी ते खोटं होतं. मला ते ठाऊकही नव्हतं. टायटलबद्दल मत द्यायचं ते वकिलाने, तीस वर्षांचा शोध घेऊन, लेखी, सही करून. प्रोफाइलमध्ये त्या जागी आता असं आहे: 'मालकीहक्काची खात्री मी देत नाही. टोकनआधी कागदांची प्राथमिक पाहणी करते, वारसांची माहिती विचारते, आणि खरेदीदाराने स्वतःच्या वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा असा आग्रह धरते.' त्याखाली आणखी एक ओळ आहे, जी काढून टाक असं भाचा अजून म्हणतो: 'टोकननंतर मोडलेले व्यवहार: ९.' त्या नऊंमध्ये ते वारज्याचं जोडपं आहे.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मी अर्थात लिहिला. नोंदणी आहे, ठरवून दिलेलं प्रशिक्षण घेऊन परीक्षाही दिली आहे. १ जानेवारी २०२४ पासून एजंटांना ते प्रमाणपत्र बंधनकारक झालं. पण क्रमांक ठळक छापला की लोकांना वाटतं, या बाईच्या हातून होणारा प्रत्येक व्यवहार सरकारने तपासलेला आहे. तसं नसतं. रेराची चौकट मुख्यतः नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पांसाठी आहे. तिथे प्रकल्पाच्या पानावर ताबा द्यायची तारीख, मंजूर नकाशे, वकिलाचा टायटल अहवाल, चालू असलेले खटले, बोजा, हे सगळं कोणालाही पाहता येतं, आणि मी ग्राहकाला शेजारी बसवून ते पान उघडते. काकांच्या फ्लॅटसारख्या जुन्या सोसायटीतल्या फेरविक्रीला ते पानच नसतं. माझे दोन तृतीयांश व्यवहार फेरविक्रीचे आहेत, म्हणून क्रमांकाखाली ही गोष्ट लिहिणं मला आवश्यक वाटलं.

'बाजाराचा सखोल अभ्यास' ही ओळही होती. ती मी खोडली नाही, तिच्याऐवजी एक उदाहरण लिहिलं. माझ्या पर्समध्ये पाच मीटरची टेप असते. मागच्या वर्षी मयूर कॉलनीजवळ एक फ्लॅट आला, किंमत एक कोटी दोन लाख. जुन्या करारनाम्यात क्षेत्रफळ ८५० चौरस फूट, बिल्टअप, म्हणजे भिंती धरून. खरेदीदार हिशेब करून आला होता, बारा हजारांचा भाव पडतो, म्हणजे स्वस्तच. मी खोल्या आतून मोजल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, स्वयंपाकघर आणि मोरी धरून, पायाखाली येणारी जागा ६४० फूट भरली. त्याच किमतीला भाव पडला जवळपास सोळा हजार. शेजारच्या गल्लीतल्या नव्या इमारतीचा भाव तो कार्पेटवर, म्हणजे आतल्या जागेवर, ऐकून आला होता आणि याचा बिल्टअपवर. दोन वेगळ्या मापांची तुलना करून घर स्वस्त ठरत होतं. घर वाईट नव्हतं. त्याने ते घेतलंही, किंमत थोडी कमी करून, पण काय घेतो आहोत ते कळून.

भावाबद्दल विचारलं तर मी जाहिरातीतले आकडे सांगत नाही. जाहिरातीत विकणाऱ्याची इच्छा असते. त्याच सोसायटीत किंवा त्याच गल्लीत गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष नोंदवलेल्या दस्तांचे आकडे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधून समोर ठेवते, आणि लिफ्ट, पार्किंग, अभिहस्तांतरण होऊन जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, यांनी त्यात किती फरक पडतो ते तोंडी सांगते. हे मला कर्वे पुतळ्यापासून वनाजपर्यंत सांगता येतं. नदीपलीकडे, सिंहगड रस्त्याला, मला इतकं नेमकं सांगता येत नाही. हडपसर-खराडीबद्दल मी काही सांगूच नये. म्हणून 'संपूर्ण पुणे' खोडून चार भागांची नावं लिहिली.

एक गोष्ट भाच्याच्या पानावर नव्हतीच, ती मी घातली: पैसे कोण देतं. नव्या प्रकल्पात माझा मोबदला विकासक देतो, खरेदीदार नाही. वेगवेगळे विकासक वेगवेगळा टक्का देतात, आणि जास्त टक्का देणाऱ्याचं घर ग्राहकाला आधी दाखवायचा मोह असतो. तो होत नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून लिहिलं, की मी दाखवते त्या प्रत्येक प्रकल्पात मला किती टक्के मिळतात ते विचारलं तर सांगते. फेरविक्रीत मी एकाच बाजूने काम करते आणि त्याच बाजूकडून एक टक्का घेते. दोन्हीकडून घ्यायची रीत आहे, ती बेकायदा नाही, पण ताईंच्या फोननंतर मला ती जमेनाशी झाली. एका कानाने दोघांचं ऐकता येत नाही.

राहिला विश्वासाचा भाग. भाच्याने किल्ली हातात घेतलेल्या कुटुंबांचे सहा फोटो लावले होते. ते मी काढले. त्यांच्या घरांचा आणि चेहऱ्यांचा मी जाहिरातीसाठी उपयोग करावा, असं त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्याऐवजी लिहिलं: 'माझ्याशी व्यवहार केलेल्या दोन व्यक्तींशी फोनवर बोलायचं असेल तर त्यांच्या परवानगीने गाठ घालून देईन. त्यांतल्या एकीचा व्यवहार सुरळीत झाला नव्हता.' ती एक म्हणजे ताई. त्यांना विचारल्यावाचून हे लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून पान त्यांना पाठवलं. त्यांच्या व्यवहाराबद्दल नाव न घालता चार ओळी होत्या, वारसांचा प्रश्न उशिरा विचारला गेला ही माझी चूक, आणि व्यवहाराला पंचेचाळीस दिवसांऐवजी चार महिने लागले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. लोक बोलले तर चालेल म्हणाल्या, दुपारी तीननंतर करायला सांगा. मग म्हणाल्या, "एक दुरुस्ती आहे. चार महिने नाही. मला तुमचा फोन आला तिथपासून तुम्ही मोजता आहात. दादाने टोकन घेतलं जूनच्या सुरुवातीला. तेव्हाही माझा वाटा होताच की."

मी फाइल काढून तारखा पाहिल्या. ९ जून ते १४ नोव्हेंबर. चार खोडून पाच केले आणि पान भाच्याला परत पाठवलं.